शहात्तर मिलिमीटरचा परिच्छेद

“त्या घराची लाकडी जमीन सगळ्यांना आवडते, म्हणून मी तिकडे फिरकत नाही,” असं वित्स्के ओस्टरबान एकदा मला म्हणाली होती. तेव्हा आम्ही दोघं खाउडा शहरातल्या एका छोट्या वास्तुरचना कार्यालयात समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

पुढे ते कार्यालय बंद झालं. मालक फरहूफ निवृत्त झाले, त्यांनी नकाशांची कपाटं पालिकेच्या संग्रहालयाला दिली आणि आम्हा पाच जणांना एकेक फुलझाड. मला रॉटरडॅममध्ये काम मिळालं. वित्स्केला मिळालं नाही. ती एक्कावन्न वर्षांची होती, त्यातली बावीस वर्षं तिने एकाच खुर्चीत काढली होती. तिने आठ अर्ज पाठवले. सहांची उत्तरं आली नाहीत. दोन आली ती इतकी गोड होती, की तिने ती पुन्हा उघडली नाहीत.

वित्स्के उंच, खांद्यात जराशी वाकलेली बाई. नऊ जणांत बसली तर नववी बोलणारी. पेन्सिलीला चाकूने टोक काढायची आणि टोक मनासारखं झालं नाही तर पेन्सिल लिहायला घ्यायचीच नाही. जागा पाहायला गेली की पहिला तासभर काही मोजायची नाही, नुसती उभी राहायची. कंत्राटदारांची माणसं म्हणायची, “बाईंना मातीचं ऐकू येतंय, थांबा.” टिंगलच ती. पण थांबायचे.

जानेवारीत आमच्या रॉटरडॅमच्या कार्यालयाने जाहिरात दिली. मऊ मातीवर बांधण्याचा अनुभव असलेला वास्तुरचनाकार हवा. अर्जासोबत एकच पान. एकच प्रकल्प निवडा, तिथल्या जागेच्या अडचणी काय होत्या आणि तुम्ही काय ठरवलं ते लिहा. ही अट आमचा मालक यूरियान कास्टेलेन याची. त्याला गुळगुळीत छायाचित्रांच्या वह्यांचा कंटाळा आला होता. मी त्याच दिवशी वित्स्केला फोन केला.

“कोणता प्रकल्प लिहिशील ते तुला माहीत आहे,” मी म्हणालो.

“तेच तर,” ती म्हणाली.

ते घर म्हणजे खाउडाला नदीच्या बांधाखाली सहा वर्षांपूर्वी बांधलेलं म्हाताऱ्या माणसांचं दिवसघर. सकाळी येतात, पत्ते खेळतात, जेवतात, संध्याकाळी घरी जातात. त्याचं नाव झालं ते त्याच्या आतल्या फळ्यांच्या जमिनीमुळे. काठी टेकत चालणाऱ्यांची चाहूल तिथे मऊ उमटते, पडलेला माणूस कमी दुखावतो. एका मासिकाने लिहिलं होतं, की ही जमीन म्हणजे वार्धक्याबद्दलचा एक विचार आहे. फरहूफनी ते पान चौकटीत लावून घेतलं होतं.

शनिवारी मी तिच्याकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटाण्याच्या सूपचं भांडं होतं आणि त्याच्या शेजारी पत्राचा पहिला मसुदा. खिडकीबाहेर दुपारी तीनलाच दिवस मावळायला निघाला होता. मी वाचलं.

“जागा सोळा मीटर रुंद. उत्तरेला नदीचा बांध. पाणी-मंडळाच्या नियमाप्रमाणे बांधाच्या पायथ्यालगतच्या पट्ट्यात खणता येत नाही, आणि त्या पट्ट्याबाहेरही ऑक्टोबरच्या मध्यापासून वसंतापर्यंत माती उघडी करता येत नाही. दक्षिणेला दीडशे वर्षांची घरं. त्यांना खोल पाया नाही, ती मातीवर नुसती टेकलेली आहेत. खांब ठोकले असते तर हादऱ्याने त्यांच्या भिंती तडकल्या असत्या. खाली दहा मीटरपर्यंत काळी, भुसभुशीत, पाण्याने भरलेली माती. तिच्यावर ठेवाल ते वजन ती गिळते. म्हणून मी वजन ठेवायचंच नाही असं ठरवलं. जितक्या वजनाचं घर, तितक्या वजनाची माती काढली आणि तिच्या जागी फेसाळ काचेचे हलके खडे भरले. मातीला वाटावं की काही बदललंच नाही.”

पुढे लाकडी सांगाड्याबद्दल होतं, रिकाम्या घराला खालचं पाणी वर उचलू नये म्हणून केलेल्या हिशोबाबद्दल होतं. आणि शेवटी, “आतली जमीन फळ्यांची केली, कारण ती हलकी असते.”

“झकास,” मी म्हणालो. “टपालात टाक.”

“शेवटचं वाक्य वाचलंस?”

“वाचलं. खरं आहे.”

“खरं आहे,” ती म्हणाली. “सगळे शब्द खरे आहेत. सूप घे.”

मी सूप घेतलं. ते चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं. ती खात नव्हती. मला ठाऊक होतं ती काय बोलणार, आणि ती बोलू नये म्हणून मी ब्रेड मागितला, मोहरी मागितली, बाहेरच्या वाऱ्याबद्दल बोललो.

घडलं होतं ते असं. आमच्याकडे सगळ्या उंच्या एका ठरलेल्या शून्यावरून मोजतात. त्या मोजायला सोपं जावं म्हणून जुन्या इमारतींच्या भिंतींत पितळी खुंट्या बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक खुंटीची उंची यादीत असते. दिवसघराच्या शेजारच्या घरात अशी एक खुंटी होती. वित्स्केने नकाशावर लिहिलं, या खुंटीवरून मोजा, तिची उंची इतकी. आकडा तिने फरहूफच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या यादीवरून घेतला. यादी चौदा वर्षांपूर्वीची. पण शेजारचं घर तर मातीवर टेकलेलं. चौदा वर्षांत ते बुडत गेलं होतं आणि त्याच्या भिंतीतली खुंटीही त्याच्याबरोबर. शहात्तर मिलिमीटर. मातीवर विश्वास ठेवू नका असं नवख्यांना शिकवणाऱ्या वित्स्केने तिच्यात बुडणाऱ्या घरावर विश्वास ठेवला होता.

मुकादम आरी ब्लोकलांडने खुंटीवरून मोजलं, नकाशात होतं तसं. काँक्रीटचा कोबा ओतून झाला. चौथ्या दिवशी पाणी-मंडळाचा माणूस आपलं यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, तुमचं घर खड्ड्यात आहे. दाराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला होता. तारीख होती नऊ ऑक्टोबर. सहा दिवसांनी खणायला बंदी लागणार होती, त्यामुळे कोबा फोडून पुन्हा भर घालणं शक्य नव्हतं. त्यावर शहात्तर मिलिमीटरचा आणखी कोबा ओतावा, तर दर चौरस मीटरला एकशे ऐंशी किलो वजन वाढणार, आणि ते वजन माती गिळणार. वित्स्के दोन दिवस घरी गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नकाशात कोब्यावर आडव्या तुळया आणि वर फळ्या काढल्या. वजन तीसेक किलो. तेवढं भरून काढायला छपरावर लावायची ठरलेली हिरवळ रद्द केली. ती सुप्रसिद्ध जमीन अशी जन्मली.

आणि फरहूफनी काय केलं? त्यांनी खुंटीची नवी उंची घातलेला सुधारित नकाशा काढायला लावला. नकाशा मी संगणकावर काढला. त्यावर कोबा ओतण्याच्या आधीची तारीख मी टाकली. बैठकीच्या टिपणात लिहिलं गेलं, की मुकादमाने जुना नकाशा वापरला. वित्स्के त्या बैठकीत होती. आरीही होता. तो एवढंच म्हणाला होता, “मला हा कागद कुणी दिला नाही.” आणि फरहूफ म्हणाले होते, “आता कोणी दिला नि कोणी नाही, यात आपण कशाला शिरायचं?”

सूप संपल्यावर वित्स्केने खणातून दुसरा मसुदा काढला. त्यात एक परिच्छेद जास्त होता. चौथा.

“उंचीचा आकडा माझा चुकला. मी बुडणाऱ्या घरावरची खुंटी धरली आणि यादी जुनी आहे हे तपासलं नाही. मुकादम आरी ब्लोकलांड यांनी माझ्या नकाशाप्रमाणे अचूक काम केलं. दोष त्यांच्यावर गेला, आणि मी तेव्हा गप्प बसले. फळ्यांची जमीन ही त्या चुकीची दुरुस्ती आहे.”

“अगं, हा नोकरीचा अर्ज आहे,” मी म्हणालो. “पापनिवेदन नव्हे.”

“त्यांनी विचारलंय, काय ठरवलं आणि का ठरवलं.”

“आठ जागी नाही म्हणाले तुला. नववी आहे ही. इथे मी आहे आत. दहावी नाहीये, वित्स्के.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

ती म्हणाली, “तुझं नाव नाही घातलंय मी. तारखेबद्दलही काही नाही.”

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची शरम नंतर कित्येक दिवस पुरली.

“आधी आरीला विचारायला हवं,” ती म्हणाली. “त्याचं नाव आहे. चल, तुझी गाडी आहे.”

आरी ब्लोकलांड शनिवारी त्याच्या भाजीच्या तुकड्यावर सापडला. शहराबाहेर रेल्वेरुळांच्या कडेला असे तुकडे भाड्याने मिळतात. प्रत्येकावर एक टपरी, एक पाण्याचं पिंप, आणि निवृत्त माणूस. तो हिवाळी कोबीवरची जाळी नीट करत होता. आम्हाला पाहून उठला नाही.

“अरे वा, नकाशावाले आले,” तो म्हणाला. “काही बुडालं का?”

“नाही,” वित्स्के म्हणाली. “आरी, मला तुम्हाला काही दाखवायचंय.”

त्याने चष्मा शोधला. सापडला तो गोणपाटाखाली. पत्र हातभर लांब धरून त्याने वाचलं. चौथ्या परिच्छेदावर त्याचा अंगठा थांबला, मातीचा ठसा कागदावर उमटला. मग तो रुळांकडे बघत राहिला. एक मालगाडी गेली. डबे मोजत असावा.

“वित्स्केबाई,” तो म्हणाला, “सहा वर्षं मी त्या दिवसाचं बायकोला सांगतोय. पहिली दोन वर्षं तिला पटत होतं. मग ती म्हणायला लागली, आरी, जाऊ दे, सगळ्यांच्याच हातून होतं. आता मलाही कधीकधी वाटतं, माझ्याच हातून झालं असेल.”

वित्स्केने कोबीवरच्या जाळीचं सुटलेलं टोक धरून ठेवलं.

“त्यानंतर मला नवी इमारत दिली नाही कंपनीने. बाथरूमच्या फरशा बदलायला पाठवायचे. बाथरूम!” तो हसला. “एका म्हातारीने मला विचारलं, तुम्ही नीट मापं घेता ना? मी म्हटलं, बाई, माझं तेवढंच तर प्रसिद्ध आहे.”

“नाव काढू का?” वित्स्केने विचारलं.

“काढू नका. आलं आहे तर राहू द्या.” तो माझ्याकडे वळला. “आणि हे कोण, साक्षीदार?”

“ड्रायव्हर,” मी म्हणालो.

“हं,” आरी म्हणाला. “चांगला धंदा.” आणि आम्हाला त्याने दोन कोबी दिले.

पत्र सोमवारी गेलं. चौथा परिच्छेद त्यात होता. त्यानंतरचे तीन आठवडे मी कार्यालयात चोरासारखा वावरलो. दुपारी साडेबाराला आमच्याकडे सगळे एका लांब टेबलावर जेवतात. ताक, ब्रेड, चीज, आणि यूरियानची नवी कल्पना. मी त्याच्या तोंडाकडे बघत ताक पीत होतो. अर्जांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर उजवीकडे होता, मग डावीकडे गेला, मग लहान झाला. एके दिवशी वरच्या कागदावर मला मातीचा पुसट ठसा दिसला. तिने नवी प्रत काढली नव्हती. आरीने हात लावलेलाच कागद पाठवला होता.

घरी मला झोप लागत नव्हती. परिच्छेद वाचून यूरियान तिला बोलावणार नाही, ही एक भीती. बोलावेल आणि विचारेल, मग सुधारित नकाशा कोणी काढला, ही दुसरी. दोन्ही भीती एकाच उशीवर. कुठली मोठी हे मी स्वतःला विचारलं नाही.

तिला बोलावलं. मंगळवारी दहा वाजता. यूरियान मला म्हणाला, “तूही बस. तू तिला ओळखतोस, आणि तपशील तुला कळतात.”

बैठकीच्या खोलीला तीन बाजूंनी काच आहे. खाली बंदराचं पाणी शिशासारखं. वित्स्के दहा मिनिटं आधी आली, कोट न काढता बसली. यूरियान चांगल्या मनाचा माणूस आहे, हे सांगायला हवं. त्याने तिला स्वतः कॉफी आणून दिली, सोबत एकच बिस्किट, रीतीप्रमाणे. चाळीस मिनिटं तो मातीबद्दल, बांधाबद्दल, वजनाच्या तोलाबद्दल विचारत राहिला. ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. एकदा तिने कागद ओढून घेऊन तो पाया काढूनही दाखवला, आणि यूरियान खुर्ची सरकवून तिच्या बाजूला जाऊन बसला. माझे खांदे पहिल्यांदा सैल झाले. वाटलं, झालं.

“मी स्पष्ट बोलतो,” यूरियान म्हणाला. “जागा तुमचीच आहे. एक मार्चपासून. सव्वाशे पत्रांत हे एकच पत्र असं होतं, की वाचताना मला पायाखाली माती जाणवली.”

वित्स्केने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते.

“आणि दुसरी गोष्ट,” तो म्हणाला. “दोन आठवड्यांनी एका ग्रंथालयाची निविदा भरायची आहे. तशीच माती, तसाच बांध. प्रमुख रचनाकाराचा स्वतःचा अनुभव द्यावा लागतो, गेल्या आठ वर्षांतला. तुमचं दिवसघर नेमकं बसतं. हे पत्रच आम्ही जोडणार. फक्त थोडं लहान केलंय.”

त्याने एक कागद तिच्याकडे सरकवला. स्वच्छ, नव्याने छापलेला, खाली सहीसाठी रेघ. मी बाजूने वाचला. तीन परिच्छेद होते, मग थेट पाचवा. शेवटचं वाक्य होतं, “आतली जमीन सुरुवातीपासून फळ्यांची कल्पिली, कारण ती हलकी असते.”

‘सुरुवातीपासून कल्पिली’ हे शब्द तिचे नव्हते.

“चौथा परिच्छेद?” तिने विचारलं.

“तो मला फार आवडला. माणूस म्हणून. पण परीक्षक गुण देतात, वित्स्के. पायाच्या उंचीत चूक असं वाचलं की पुढचं कोणी वाचत नाही. हे काम आलं नाही तर मला चार जणांना घरी पाठवावं लागेल. नाटक म्हणून नाही सांगत, नावं सांगू शकतो.”

“आणि ब्लोकलांड?”

“कोण?”

यूरियानने पत्र पुन्हा आठवून पाहिलं. “हां, तो मुकादम. पण या कागदात त्याच्याविरुद्ध एक शब्द नाही! त्याचं नावच नाही.”

“नाही,” ती म्हणाली.

“मग कुणाचं नुकसान? कून,” तो माझ्याकडे वळला, “तू तिथे होतास ना? तूच सांग. यात काही खोटं आहे का?”

काचेबाहेर एक पडाव वाळू घेऊन चालला होता, पाण्यात इतका खोल की काठ दिसत नव्हता. मी त्याच्याकडे बघत होतो. मला वाटलं, एक मार्च जवळ आहे. तिला नोकरी मिळेल, हे मिटेल, कोणी तारखेबद्दल विचारणार नाही. मला हेही वाटलं, की मी हे तिच्यासाठी बोलतोय.

“खोटं असं नाही,” मी म्हणालो. “जमीन हलकीच आहे.”

वित्स्केने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जागा पाहायला गेल्यावर पहिला तासभर ती जशी बघायची, काही न मोजता, तशी. यूरियानने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बाजूला ठेवलं, आणि हळूच म्हणाला, “घाई नाही. हवं तर उद्या.”

तिने पेन उचललं. तिने त्याला टोपण नीट लावलं आणि ते होतं तिथे परत ठेवलं. मग यूरियानच्या पुढ्यातल्या गठ्ठ्यातून तिचं मूळ पत्र, अंगठ्याच्या ठशाचं, ओढून काढलं. कोणी अडवलं नाही. ते तिने दुमडलं नाही, सपाट धरलं. खुर्ची आत सरकवली. तिने कोट काढलेलाच नव्हता. काचेचं दार जड आहे, खांद्याने ढकलावं लागतं. तिने ढकललं आणि ती निघून गेली.